आठ गॉब्लिन की एक ओगर?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये चार-पाच जण टेबलाभोवती बसून एकेक पात्र रंगवतात आणि डंजन मास्टर त्यांच्यासमोर शत्रू उभे करतो. लढाईत धाकधूक हवी, पण सगळी टोळी मारली गेली तर कथाच थांबते. हा तोल कसा साधायचा?

२०१४च्या नियमांनुसार तिसऱ्या पातळीच्या चार पात्रांसाठी ९०० गुणांची लढाई कठीण, तर १६०० गुणांची प्राणघातक ठरते. अवाढव्य ओगरचे गुण ४५०. आठ किरकोळ गॉब्लिनांचे मिळून फक्त ४००. मात्र शत्रू सात ते दहा असले की बेरजेला अडीचने गुणतात, म्हणजे गॉब्लिनांचे १००० होतात. ओगर फेरीत एकदाच सोटा हाणतो. गॉब्लिन आठ वार करतात आणि तेही एकाच जादूगारावर करू शकतात. माझ्या मते नवखा डंजन मास्टर इथेच फसतो: तो राक्षसाचा आकार बघतो, वार मोजत नाही.

म्हणून पाच गॉब्लिन आधी आणावेत, उरलेले तिघे तिसऱ्या फेरीसाठी राखावेत. तोवर दोन पात्रं बेशुद्ध पडली, तर टोळीचे निम्मे वार गेले आणि पुढची घसरण झपाट्याने होते. अशा वेळी राखीव तिघांना आणूच नये. टोळी जोरात असेल, तर मात्र त्यांना मागच्या दारातून, थेट जादूगाराच्या पाठीशी आणावं.