मामा काल आलाय, पण इंग्रजीत नाही!

‘मामा काल आलाय.’ किती सरळ वाक्य! आपण असं रोज बोलतो आणि कुणी अडवत नाही. आता हेच शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत लिहून बघा: ‘माय अंकल हॅज कम यस्टर्डे.’ पेपरात यावर लाल फुली पडणार! असं का बरं?

गंमत काळाच्या नावातच आहे. ‘हॅज कम’ हा पूर्ण वर्तमानकाळ. क्रिया पूर्ण झाली, पण काळ वर्तमान! बोलणाऱ्याचं लक्ष आत्ताकडे आहे: मामा आलाय, आत बसून चहा पितोय. ‘आलाय’मधला ‘आहे’ दिलदार, तो ‘काल’लाही शेजारी बसवून घेतो. इंग्रजीतले हॅव-हॅज मात्र संपलेल्या वेळेला जवळ फिरकू देत नाहीत. काल तर संपला, म्हणून तिथे साधा भूतकाळ: ‘माय अंकल केम यस्टर्डे.’ लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2019 या वेळाही संपलेल्याच.

आता खरी फसगत बघा. प्रश्न येतो: ‘रवी (बी) इल सिन्स यस्टर्डे.’ यस्टर्डे दिसला की हात आपोआप ‘वॉज’ लिहितो. थांबा! ‘सिन्स यस्टर्डे’ म्हणजे कालपासून. दुखणं काल सुरू झालं आणि अजून चालू आहे. वेळ संपलेली नाही, म्हणून ‘हॅज बीन’.

‘फॉर’ तर याहून अवघड, कारण तो दोन्हीकडे चालतो. ‘ही (लिव्ह) इन सातारा फॉर टेन इयर्स.’ एवढ्यावरून उत्तर ठरतच नाही! पुढचं वाक्य वाचायला हवं. पुढे ‘ही मूव्ह्ड टू नाशिक इन 2019’ असेल, तर साताऱ्याची दहा वर्षं संपली: ‘लिव्ह्ड’. पुढे ‘ही स्टिल लिव्ह्ज देअर’ असेल, तर ती अजून मोजली जातायत: ‘हॅज लिव्ह्ड’.

आणि माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे ‘दिस मॉर्निंग’. इथे चक्क घड्याळ व्याकरण ठरवतं! सकाळी दहा वाजता तुम्ही म्हणाल, ‘आय हॅव सीन टू पॅरट्स दिस मॉर्निंग.’ सकाळ चालू आहे, तिसरा पोपट अजून दिसू शकतो. हेच दुपारी चारला सांगायचं असेल तर ‘आय सॉ’, कारण सकाळ केव्हाच सरली. पोपट तेच, सकाळ तीच, क्रियापद मात्र बदललं!

आता एक तुमच्यासाठी: ‘शी (नॉट ईट) एनीथिंग सिन्स लास्ट नाइट.’ ‘लास्ट’ बघून घाई करू नका. तिला अजून भूक लागलेलीच आहे!