काठावरची पांढरी रेघ

सकाळी ८

बॅग भरतो. स्क्रू ड्रायव्हर, पाणसळ, एक चांगली एचडीएमआय केबल, पेनड्राइव्ह आणि भिंग. भिंग बघून गिऱ्हाईक आधी हसतं. टीव्ही बसवणाऱ्याला घड्याळजीचं भिंग कशाला? पण नुसतं तोंडाने सांगून कुणाला पटत नाही, काचेतून दाखवलं की पटतं. पेनड्राइव्हमध्ये AVS HD 709 नावाच्या फुकट मिळणाऱ्या चाचणी-चित्रांच्या फाइली आहेत. त्यातलं एकच चित्र मला रोज लागतं : राखाडी पाटीवर बारीक-जाड काळ्या रेघा. बस.

सकाळी ९.३०, कोथरूड

पंचावन्न इंची नवा टीव्ही. दुकानाची माणसं भिंतीवर लटकवून गेली आणि पॅकिंगमधून निघाला तसाच चालू करून दिला. काकूंची तक्रार दोन शब्दांची : "डोळ्यांना टोचतंय."

मालिका लागली होती. बाईंच्या साडीचा काठ, केसांच्या बटा, खाली सरकणारी बातम्यांची पट्टी, सगळ्याला पांढरी किनार. दुकानात दहा टीव्ही शेजारी शेजारी झगमगत असतात, त्यात आपला उठून दिसावा म्हणून Vivid नावाचा प्रकार केलेला असतो, आणि त्यात Sharpness चढवून ठेवलेलं असतं. नाव फसवं आहे. Sharpness वाढवल्याने चित्रात नसलेला तपशील येत नाही. जिथे गडद आणि उजेडाचा काठ आहे तिथे टीव्ही गडद बाजू आणखी गडद करतो आणि उजेडाची बाजू आणखी पांढरी. काठ ठळक झाला की डोळ्याला वाटतं, चित्र स्पष्ट झालं. अँटेनाच्या जमान्यात संकेत घरी पोचेपर्यंत मऊ पडायचा, तेव्हा ही युक्ती कामाची होती. आता आलेलं चित्र मुळातच नीट असतं, मग त्यावर रेघा ओढायच्या कशाला?

काकूंना जवळ बोलावलं, बातम्यांच्या पट्टीतल्या 'क'वर भिंग धरलं. अक्षराच्या काळ्या कडेला लागून एक बारीक पांढरी रेघ आणि तिच्या पलीकडे पुन्हा एक पुसटशी काळी.

"अगंबाई, हे कुणी काढलं?"

"टीव्हीने."

आधी Vivid वरून Filmmaker Mode वर आणलं. २०१९ मध्ये यूएचडी अलायन्सने हा प्रकार जाहीर केला. त्यात काठ ठळक करणं, दाणे पुसणं, हालचाल गुळगुळीत करणं हे उद्योग मुळातच बंद असतात. सगळ्या संचांत तो नसतो. नसेल तिथे Cinema किंवा Movie घ्यायचं आणि बाकीचं हाताने बंद करायचं.

मग पेनड्राइव्ह लावला. राखाडीवर काळी रेघ. Sharpness एकेक पायरी खाली आणत गेलो, रेघेलगतची पांढरी सावली बारीक होत होत नाहीशी झाली. तिथे थांबायचं. बरेच जण इथे चुकतात : कुठेतरी वाचलेलं असतं की शून्य करा, की डोळे मिटून शून्य करतात. पुष्कळ संचांत शून्य म्हणजे खरोखर 'काही करू नकोस' असतं. पण सोनीच्या ब्राव्हिया संचांत साधारणपणे ५० हा आकडा तटस्थ असतो, त्याखाली गेलं की टीव्ही चित्र मुद्दाम पुसट करायला लागतो. त्यामुळे आकडा पाठ करून उपयोग नाही, रेघेकडे बघायचं. पांढरी सावली दिसली तर जास्त झालं, रेघेचा काळा रंग कडेला पसरून राखाडी व्हायला लागला तर कमी झालं.

एक गोष्ट मात्र मी बंद केली नाही. काकू बघतात ते वाहिनीचं चित्र साध्या दर्जाचं, फार तर ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. पडदा आहे ८३ लाख ठिपक्यांचा. एकाचे वीस करायचे, त्यात केबलवाल्याने दाबून दाबून पाठवलेलं चित्र, म्हणजे सपाट भिंतीवर चौकोनी ठोकळे आणि अक्षरांभोवती माशा घोंगावल्यासारखी गिजबिज उठणारच. ही घाण मूळ चित्रातली नाही, दाबण्यातली आहे. तिच्यासाठी MPEG Noise Reduction हा वेगळा पर्याय असतो. तो सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटवर Low ठेवला. 'सगळं बंद'वाले मला यावरून शिव्या देतील. देऊ देत. त्यांनी रोज दोन तास ती मालिका बघावी आणि मग बोलावं.

दुपारी १

वडापाव. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दुपारी २.३०, प्रभात रोड

या घरी मी तास-दीड तास हाताशी ठेवूनच जातो. आजोबा पंच्याहत्तरीचे, सगळी नोकरी फिल्म प्रयोगशाळेत, निगेटिव्हवरून प्रिंट काढण्याच्या कामात गेलेली. फोनवर एवढंच म्हणाले होते, "माणसं मेणाची झालीत."

डिस्क लावलेली होती 'पथेर पांचाली'ची. चित्रपट १९५५ चा. त्याची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळली. जेवढी वाचली ती आणि बाकी ठिकाणी इतरत्र जपलेल्या प्रती, असं जुळवून २०१५ मध्ये नवी प्रत तयार झाली. त्यामुळे एका दृश्यात दाणे बारीक, पुढच्यात जरा भरड, असं होतं आणि ते तसंच दिसायला हवं.

इथे दाणे म्हणजे काय ते आजोबांनीच मला शिकवलंय. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात, प्रकाश पडून, धुऊन झाल्यावर त्यांच्यापासूनच चित्र बनतं. कणांची मांडणी दर चौकटीत वेगळी. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे पडद्यावर सतत एक बारीक सळसळ. डोळा ती आपोआप मिसळून घेतो आणि चित्र जिवंत वाटतं. Noise Reduction ला हे कळत नाही. ते पुढच्या-मागच्या चौकटी ताडून बघतं : जे सगळ्यांत सारखं ते चित्र, जे दर चौकटीत बदलतं ते घाण. आणि दर चौकटीत बदलणारी गोष्ट तर दाणाच! मग चौकटींची सरासरी काढून दाणे पुसतं, आणि त्यांच्याबरोबर चेहऱ्यावरच्या बारीक सुरकुत्या, मातीच्या भिंतीचा खरखरीतपणा हेही पुसलं जातं. पुसून मऊ झालेल्या चित्रावर मग Sharpness काठ ओढतं. आधी एकाने खोडायचं, मग दुसऱ्याने गिरवायचं. मेणाचा पुतळा असाच बनतो.

टीव्ही सोनीचा. त्यात Random Noise Reduction बंद केलं, Digital Noise Reduction बंद, Reality Creation बंद, Sharpness ५०. (इतर संचांत याच मंडळींची नावं Super Resolution वगैरे असतात.) काशफुलांच्या गवतातून अपू आणि दुर्गा आगगाडी बघायला जातात ते दृश्य लावलं. गवताच्या पात्यांभोवतीची पांढरी किनार गेली होती. पण आजोबा मान हलवेनात.

"अजून मेण आहे."

खरंच होतं. मी खुर्ची सोडून पडद्याजवळ जाऊन बसलो. आणि एक गोष्ट दिसली : स्थिर असलेली भिंत काचेसारखी गुळगुळीत, पण कुणी चालत गेलं की त्या माणसाच्या अंगावर आणि आसपास एकदम दाणे उठतात, माणूस थांबला की विरून जातात. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. चौकटींची सरासरी काढणारं यंत्र हलत्या जागी हात आखडता घेतं, नाहीतर माणसामागे भुतासारखी सावली ओढली जाईल. म्हणून स्थिर जागा धुतलेली आणि हलती जागा दाणेदार. म्हणजे कुठेतरी Noise Reduction अजून चालू आहे. टीव्हीत तर सगळं बंद केलं होतं.

खात्री करायला माझ्या पेनड्राइव्हमधली दाणेदार क्लिप थेट टीव्हीवर चालवली. तिच्यात भिंतीवरही दाणे होते. म्हणजे टीव्ही निर्दोष, चोर वाटेत. डिस्क प्लेअरचा स्वतःचा मेनू उघडला. दोन-तीन पायऱ्या आत, चित्राच्या पानावर, त्याचं स्वतःचं Noise Reduction दोनवर आणि Sharpness एकवर. म्हणजे चित्र टीव्हीत पोचण्याआधीच धुऊन निघत होतं. पेनड्राइव्हच्या चाचणीची मर्यादा हीच : ती टीव्हीबद्दल सांगते, त्याला जोडलेल्या डब्यांबद्दल नाही.

दोन्ही शून्यावर आणलं, दृश्य पुन्हा लावलं. म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणचा चेहरा आला. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आतल्या खोलीकडे बघून ओरडले, "अगं, चहा टाक त्याला."

संध्याकाळी ६, सोसायटीचं क्लबहाऊस

मोठा टीव्ही, क्रिकेट, आणि सेक्रेटरी. इथली तक्रार अशी की चेंडू मधूनच गायब होतो. High वर ठेवलेल्या Noise Reduction ला लहान, वेगवान पांढरा ठिपका कधी कधी घाणच वाटतो, आणि मैदानाचं गवत तर हिरव्या रंगाचा हात मारल्यासारखं सपाट होतं. बंद केलं. Sharpness उतरवलं. सेक्रेटरी लगेच म्हणाले, "फिकट केलंत हो."

दर वेळी हेच होतं. महिनोन्महिने गिरवलेले काठ बघितलेल्या डोळ्याला साधा काठ मऊ वाटतो. त्यांना म्हटलं, दोन दिवस असंच राहू द्या, मग जुनं करून बघा. हॉलमध्ये दिवे लख्ख होते म्हणून पडद्याचा उजेड वाढवून दिला. उजेडाची उणीव लोक Sharpness ने भरून काढायला जातात, ती तशी भरत नाही.

रात्री ८.४५

कोथरूडच्या काकूंचा फोन. "अरे, परत टोचायला लागलं."

"काय बघताय? केबल की मोबाइलसारखं ॲप?"

"नातवाने लावलंय काहीतरी. नेटवरचं."

माझीच चूक. बहुतेक संच दर इनपुटची सेटिंगं वेगळी लक्षात ठेवतात, आणि एचडीआर चित्राची आणखी वेगळी. सकाळी मी केबलचं केलं, पेनड्राइव्हचं केलं, ॲपचं राहिलं. नातवाला फोनवर घेतलं. सिनेमा चालू असतानाच सेटिंग उघडायला सांगितलं, कारण बंद करून उघडलं तर भलत्याच इनपुटचं पान समोर येतं. Filmmaker Mode, मग Sharpness त्याच आकड्यावर, आणि शेवटी Noise Reduction व MPEG Noise Reduction दोन्ही Off. ॲपवरून येणारं चित्र चांगलं असतं, इथे Low ची गरज नाही. सगळ्या इनपुटना एकदम लागू करायचा पर्यायही त्याला दिसला, पण तो दाबू नकोस म्हटलं, केबलचं Low पुसलं जाईल.

"काका, पण आता सगळं डल दिसतंय."

"आजीला विचार."

मागून आवाज आला, "बरं आहे, बरं आहे, राहू दे."

रात्री १०

वहीत नोंदी केल्या. कोथरूड : तीन इनपुट, तिन्ही वेगळी, केबलवर MPEG Low, मुद्दाम ठेवलेलं आहे, पुढच्या वेळी बदलू नये. प्रभात रोड : टीव्हीआधी प्लेअर बघणे. क्लबहाऊस : सेक्रेटरींचा फोन परवा येईल.