आरएसीसमोरचा थोडका हिशेब

जानेवारीचा पहिला आठवडा असतो. सूक्ष्मजीवशास्त्राची एक विद्यार्थिनी सहामाही प्रगती अहवालाचा कच्चा मसुदा घेऊन येते. पहिलंच वाक्य असतं, 'सदर कालावधीत विषयाशी संबंधित साहित्याचे विस्तृत सर्वेक्षण करण्यात आले व काम समाधानकारकरीत्या प्रगतिपथावर आहे.' पुढे दोन कार्यशाळा, एक ऑनलाइन व्याख्यानमाला, चार ठिकाणचं नमुना संकलन. निकाल शेवटच्या चार ओळींत. हे वाक्य वाचलं की मी आधी त्या चार ओळींकडे जातो. समितीतले लोकही तेच करतात.

पीएच.डी. करणाऱ्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार दर सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे सगळे म्हणतात त्या आरएसीपुढे, उभं राहावं लागतं. प्रगती असमाधानकारक वाटली तर समितीने कारणं नोंदवून सुधारणा सुचवायच्या असतात. विद्यार्थ्याने त्या केल्या नाहीत, तर सबळ कारणं देऊन नोंदणी रद्द करण्याची शिफारसही ती करू शकते. त्यामुळे निकाल थोडके असले की मुलं घाबरतात आणि पानं भरतात. माझ्या मते धोका तिथेच आहे. थोडका निकाल समितीला खटकत नाही. आपल्याला नेमकं काय कळलं हे विद्यार्थ्याला सांगता येत नसेल, तर ते खटकतं.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. आकडे समजावण्यापुरते बसवले आहेत, पण अशा अडचणी प्रयोगशाळेत रोज येतात. विषय असा: कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीतून, जमिनीत अडकलेला स्फुरद विरघळवून पिकाला मिळवून देणारे जिवाणू शोधायचे. जुलैच्या अहवालात तिने पाच गावांचे नमुने, ५० जिवाणू, त्यांतले १० निवडून नोव्हेंबरात गव्हावर कुंड्यांतला प्रयोग, असं कबूल केलं होतं. डिसेंबरअखेर हातात होती तीन गावं आणि ४१ जिवाणू. कुंड्या रिकाम्याच.

मी तिला सांगितलं, जुलैचा अहवाल समोर ठेव आणि त्याच क्रमाने लिही. समितीच्या फाइलमध्ये तो असतोच, आणि एखादे सर तो उघडून बसलेले असतात. ठरलेलं काय, झालेलं काय, फरक का पडला, एवढं पहिल्या अर्ध्या पानात यायला हवं. फरकाची कारणंही एका पिशवीत भरू नयेत. पावसाळ्यात दोन गावांच्या शेतात पाणी साचलं, नमुने घेता आले नाहीत, ही परिस्थिती. ऑटोक्लेव्ह तीन आठवडे बंद होता, ही संस्थेची अडचण. तारखा लिहाव्यात, कारण पुढे मुदतवाढ मागायची वेळ आली तर हीच नोंद उपयोगी पडते. आणि एका गावाचे नमुने शीतकपाटात ठेवण्याऐवजी टेबलावर राहिले, ही स्वतःची चूक. ती एका वाक्यात लिहावी. ती लिहिली की बाकीच्या दोन कारणांवरही विश्वास बसतो.

मग निकाल. या कामात पिकोव्हस्काया नावाचं माध्यम वापरतात. त्यात न विरघळणारा कॅल्शियम फॉस्फेट असतो, त्यामुळे बशी दुधाळ दिसते. जिवाणूने तो विरघळवला की वसाहतीभोवती स्वच्छ वलय उमटतं. तिच्या मसुद्यात 'सात जिवाणूंनी उत्तम वलय दाखवले' असं होतं. कितीपैकी सात? ४१ पैकी. हा छेद लिहिलाच पाहिजे. आणि उरलेल्या ३४ चं काय? त्यांना वलय नाही, हाही निकाल आहे का?

तो निकाल ठरतो एका अटीवर. त्याच दिवशी, त्याच माध्यमावर, वलय हमखास देणारा एखादा ओळखीचा जिवाणू लावलेला असला पाहिजे. असे जिवाणू पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संग्रहातून मागवता येतात. ओळखीच्याने वलय दिलं आणि ३४ नी दिलं नाही, तर 'या बशीवर हे ३४ स्फुरद विरघळवत नाहीत' असं ठामपणे म्हणता येतं. ओळखीच्यानेही दिलं नाही, तर माध्यमच बिघडलंय आणि तो प्रयोग झालाच नाही असं धरायचं. पहिलं नकारात्मक निष्कर्ष, दुसरं वाया गेलेला दिवस. अहवालात या दोन्ही गोष्टी 'परिणाम मिळाला नाही' या एकाच शब्दांत येतात, तिथे समिती थबकते. तिने ओळखीचा जिवाणू लावला होता, त्याला वलयही आलं होतं. पण लिहिलं नव्हतं. तिच्या सहा महिन्यांतली सर्वांत भक्कम गोष्ट वहीतच राहिली होती.

सातांपैकी तिघांनी वारंवार उपसंवर्धन केल्यावर वलय देणं सोडलं. हे या जिवाणूंच्या बाबतीत नेहमीचं आहे. उरलेले चार तिने द्रव माध्यमात वाढवले आणि विरघळलेला स्फुरद मोजला. दोघांची मापं १४० आणि १८५ मिलीग्रॅम प्रति लिटर आली, बाकी दोघांची ४५ च्या आसपास. मसुद्यात हे चारही आकडे ऐटीत उभे होते. पण जिवाणू न घातलेल्या फ्लास्कमध्येही ३० होते, कारण थोडा फॉस्फेट आपोआपच विरघळतो. ते वजा केल्यावर दोघांकडे ११० आणि १५५ राहतात, आणि बाकी दोघांकडे १५ म्हणजे जवळजवळ काहीच नाही. शिवाय तीन फ्लास्क एकाच दिवशी एकाच बीजापासून लावलेले होते. तो एकच प्रयोग. तीनदा केलेला नव्हे. 'एकदाच केलेला, पुन्हा करायचा आहे' असं लिहायला सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. पण मौखिक परीक्षेत हे बाहेरच्या परीक्षकाने काढलं असतं, तर जास्त उतरला असता.

मर्यादाही तिनेच लिहिली. हे जिवाणू आम्ल सोडून फॉस्फेट विरघळवतात. फ्लास्कचा सामू ७ वरून साडेचारपर्यंत उतरला होता. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते आम्ल चुनाच खाऊन टाकू शकतो. म्हणून फ्लास्कमधला आकडा शेतातला आकडा धरायचा नाही.

शेवटचा भाग पुढच्या सहा महिन्यांचा. इथे मुलं आधीच्यापेक्षा दुप्पट काम कबूल करतात, कमी झालेलं भरून काढायच्या हौसेने. तिने दोनच गोष्टी लिहिल्या. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दोन्ही जिवाणूंचा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी आणखी दोनदा, एकदा साध्या आणि एकदा मीठ घातलेल्या माध्यमात. मिठात एकही टिकला नाही तर कुंड्यांकडे न जाता राहिलेल्या दोन गावांचे नमुने उन्हाळ्यात, पृष्ठभागावर क्षार फुलतात तेव्हा, घ्यायचे. टिकला तर कुंडी. आणि समितीला एक थेट प्रश्न: गव्हासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबावं, की साधारण ६५ ते ७० दिवसांत येणारा उन्हाळी मूग चालेल? मूग खारेपणाला नाजूक असतो, ही अडचण तिने स्वतःच पुढे ठेवली.

अहवाल सहा पानांवरून अडीच पानांवर आला. कार्यशाळा शेवटी एका ओळीत गेल्या.

बैठकीच्या निदान आठ दिवस आधी मसुदा गाईडकडे द्या. सहीच्या दिवशी दाखवलेल्या अहवालावर गाईड वाचून सही करू शकत नाहीत. आणि समितीने मूग की गहू याचं उत्तर तोंडी दिलं, तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्या, त्याची प्रत मागा. जुलैमध्ये पुढचा अहवाल त्याच कागदावरून सुरू करायचा आहे.