‘सॉरी’च्या पुढचं वाक्य

आईच्या आजारपणामुळे एकीने नोकरी सोडलेली. वाढदिवसाच्या जेवणाला चौघी-पाचजणी जमल्या, तेव्हा जुनी मैत्रीण सहज बोलून गेली, “तुझं बरं आहे बाई, घरीच असतेस!” सगळ्या हसल्या, ती मात्र गप्प झाली. रात्री तिला मेसेज आला : “अगं, गंमत केली. तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी.”

बिघडलेलं प्रकरण या मेसेजने आणखी बिघडतं. ‘गंमत केली’ म्हणताना तिला विनोद कळत नाही असं सुचवलं जातं. ‘वाटलं असेल तर’ या शब्दांनी तिचं दुखणंच शंकास्पद ठरतं. शिवाय चूक बोलणारीची न राहता ऐकणारीच्या हळवेपणाची होते. “तू फार मनाला लावून घेतेस” आणि “सॉरी, पण तूही मागे...” ही वाक्यंही हेच करतात.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माफीचे सहा घटक तपासले : खेद, कारण, जबाबदारीची कबुली, पुन्हा न करण्याची ग्वाही, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. त्यात सर्वांत वजनदार ठरली ती जबाबदारीची कबुली. तिच्या खालोखाल भरपाई. “मला माफ कर” ही विनंती सर्वांत कमी महत्त्वाची ठरली. हे प्रयोग कामकाजाच्या काल्पनिक प्रसंगांवर बेतलेले होते, त्यामुळे मैत्रीला ते जसेच्या तसे लागू होतील असं नाही. पण कबुली आधी हवी, हा क्रम इथेही उपयोगी पडतो.

मग त्या मैत्रिणीने काय म्हणायला हवं होतं? “सगळ्यांसमोर मी तुला ‘घरीच असतेस’ म्हटलं. ते चुकलं माझं. आईंसाठी तू दिवसरात्र राबतेस हे माहीत असून मी ते हसण्यावारी नेलं.” इथे बोललेले शब्द आहेत, चूक कोणाची ते आहे आणि ती नेमकी कुठे लागली तेही आहे. ‘पण’ कुठेच नाही. हे मेसेजने उरकण्यापेक्षा भेटून किंवा फोनवर बोललेलं बरं.

त्यानंतर थांबायचं आणि ऐकायचं. ती कदाचित म्हणेल, “तू पहिल्यांदा नाही बोललीस असं.” तेव्हा लगेच खुलासा करण्याचा मोह आवरायला हवा. “मी आहेच वाईट” असं रडगाणंही नको, कारण मग दुखावलेलीलाच समजूत घालत बसावं लागतं.

टोमणा चारचौघींत मारला असेल, तर भरपाईही चारचौघींतच हवी. पुढच्या भेटीत “त्या दिवशी मी हिला बोलले ते चुकीचं होतं” एवढं एक वाक्य सर्वांसमोर म्हणावं आणि विषय तिथेच सोडावा. त्यावर भाषण झालं, तर तिलाच पुन्हा अवघडल्यासारखं होतं.

एवढं करूनही ती काही दिवस तुटक बोलेल. त्या काळात “अजून राग गेला नाही का?” असं विचारणं म्हणजे तिच्यावर दडपण आणणं. त्यापेक्षा आईंच्या तब्येतीची चौकशी करावी, दवाखान्यात सोबत येऊ का विचारावं, आणि ती ‘नको’ म्हणाली तर तेही मान्य करावं.