‘घरी लंगडला’ का चालत नाही?

सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पूल ओलांडला की तेलंगणातलं कालेश्वर लागतं. गावात घरोघरी तेलुगू, शाळेत आणि कचेरीत मराठी, तर रानातल्या पाड्यांवर माडिया बोलली जाते. अशा ठिकाणी मराठी शिकणाऱ्याला चालणे, बोलणे, पाहणे ही क्रियापदं अडत नाहीत. अडतात त्यांची भावंडं. रेंगाळणे, घुटमळणे, पुटपुटणे, न्याहाळणे यांचा अर्थ कोश ‘एक प्रकारे चालणे’, ‘एक प्रकारे बोलणे’ किंवा ‘एक प्रकारे पाहणे’ असा देतो आणि गप्प बसतो. खरी छटा त्या क्रियापदाशेजारी कोणते शब्द बसतात आणि कोणते बसत नाहीत यावरून कळते.

चालणे: ‘पर्यंत’ लावून पाहा

‘बसस्टँडपासून नदीपर्यंत चाललो’ हे वाक्य सरळ आहे. आता ‘नदीपर्यंत हिंडलो’ म्हणून पाहा. कानाला लगेच खटकतं. ‘नदीकाठी हिंडलो’ मात्र बिनतक्रार चालतं. चालण्याला रेषा असते, हिंडण्याला परिसर. म्हणूनच तेंदूपत्त्याच्या हंगामात बायका ‘रान हिंडतात’. त्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी निघालेल्या नसतात, सगळं रान पायाखाली घालत असतात. तेच ‘रान तुडवतात’ म्हटलं की कष्ट आणि काटेकुटे आले.

फिरण्यात परत येणं गृहीत आहे. संध्याकाळी फिरायला गेलेला माणूस जेवायला घरी असतो. भटकण्यात ती खात्री नाही. बाप मुलाला ‘कुठे भटकत होतास?’ विचारतो तेव्हा उत्तर ऐकण्याआधीच निकाल लागलेला असतो. (डोंगर चढणाऱ्यांनी हाच शब्द कौतुकाने घेतला, ही गोष्ट वेगळी.) वणवण फिरणाऱ्याला काहीतरी हवं आहे, पाणी, काम, दाखला, आणि ते मिळत नाही. पायपिटीत अंतरापेक्षा तक्रार जास्त असते. काम पहिल्याच फेरीत झालं तर तेवढ्याच अंतराला कोणी पायपीट म्हणत नाही.

रेंगाळणे आणि घुटमळणे यांची अदलाबदल वारंवार होते. शाळा सुटल्यावर पोरं पुलावर रेंगाळतात: जायचं ठिकाण ठरलेलं आहे, पण पाय निघत नाही. तहसील कचेरीच्या दाराशी माणूस घुटमळतो: आत जायचं आहे, पण धीर होत नाही. रेंगाळणाऱ्याला जागा सोडवत नाही, घुटमळणाऱ्याला उंबरा ओलांडवत नाही. म्हणून काम, फाईल, पाऊस हे सगळं रेंगाळतं. पण फाईल घुटमळत नाही, कारण संकोच वाटायला मन लागतं.

लंगडत आला

रानातून परतताना एकाचा पाय मुरगळला. तो घरी पोचला हे एका वाक्यात कसं सांगाल? ‘तो घरी लंगडला’ असं मराठी माणूस म्हणत नाही. ‘लंगडत घरी आला’ म्हणतो. मराठीत मुख्य क्रियापदाच्या जागी दिशा बसते आणि चालण्याची तऱ्हा ‘-त’ किंवा ‘-ऊन’ लावून तिच्या मागे उभी राहते: दबकत गेला, ठेचकाळत उतरला, झोकांड्या खात निघाला. इंग्रजीत याच्या उलट असतं. तिथे तऱ्हा क्रियापदात जाते आणि दिशा एका छोट्या शब्दावर भागते. लेनर्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांची अशी विभागणी मांडली. भाषांतरित कादंबरीत ‘तो खोलीबाहेर लंगडला’ असं वाचलं की मूळ इंग्रजी आहे हे तिथेच कळतं.

या मांडणीत एक फायदाही आहे. मराठीला बहुतेक वेळा ‘आला’ आणि ‘गेला’ यांतलं एक निवडावं लागतं, त्यामुळे सांगणारा कुठे उभा आहे ते आपोआप कळतं. ‘लंगडत आला’ म्हणणारी घरात आहे. ‘लंगडत गेला’ म्हणणारा रानातच राहिला.

अपवाद आहेत. ‘घरी पळाला’ चालतं, कारण पळण्यात वेगाबरोबर जागा सोडण्याचाही अर्थ आहे. म्हणून पोरगा ‘शाळेतून पळतो’, जाताना तो रमतगमत का गेला असेना.

तऱ्हा सांगायला मराठीकडे नादशब्दही आहेत आणि ते माणूस बघून लागतात. तुरुतुरु चालायला पावलं लहान लागतात, कोंबडीची पिलं किंवा दोन वर्षांची पोर. झपझप चालायला ढांग लागते. ‘हवालदार तुरुतुरु आला’ असं लिहिलं तर वाचणारा हसेल. लगबग हाताशी काम असलेल्याचीच.

बोलणे: ‘वर’ की ‘शी’?

इथे कसोटी मागे लागणाऱ्या प्रत्ययाची किंवा शब्दयोगी अव्ययाची. आपण कोणाशी बोलतो, पण कोणावर खेकसतो किंवा डाफरतो. ते ‘वर’ फुकट आलेलं नाही. खेकसणारा वरच्या पायरीवर असतो किंवा तसं समजतो. साहेब शिपायावर खेकसतो यात नवल नाही. शिपाई साहेबावर खेकसला तर ती बातमी. ओरडणे दोन्हीकडे चालतं: लांबच्या नावाड्याला हाक मारायला नुसतं ओरडतात, ‘वर’ लागलं की राग आला.

पुटपुटायला ऐकणारा लागत नाही. ओठ हलले म्हणजे झालं, मग ती प्रार्थना असो की शिवी. कुजबुजायला दोघं लागतात, आणि बहुतेक वेळा तिसराही, ज्याला ऐकू जायला नको. एकटा माणूस कुजबुजला असं लिहिलेलं दिसलं की तिथे पुटपुटला हवं होतं असं समजावं. तेलुगूतही ‘गुसगुस’ आहेच, त्यामुळे हा भेद सिरोंचात लवकर पटतो.

बडबडणारा शुद्धीत असतो, फक्त थांबत नाही. बरळणारा शुद्धीत नसतो. ताप, दारू किंवा झोप यांपैकी काहीतरी मधे असतं. रागाच्या भरात समोरच्याला ‘काहीही बरळू नकोस’ म्हणतात तेव्हा त्याचं म्हणणं खोडलेलं नसतं, त्याची शुद्धच नाकारलेली असते. अडखळणे पायालाही लागतं आणि जिभेलाही. तेलुगूतलं ‘तडबडु’ नेमकं तसंच, पाऊल आणि बोलणं दोन्ही सांभाळणारं. चाचरणे मात्र बहुधा जिभेचंच.

पाहणे

डोकावायला अडसर लागतो: दार, कुंपण, विहिरीचा काठ. उघड्या मैदानात कोणी डोकावत नाही. हेरणाऱ्याला आपण पाहतोय हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं.

निरखणे आणि न्याहाळणे दोन्ही सावकाशीचे. सिरोंचाजवळच्या वडधमच्या जीवाश्म उद्यानात दगड झालेलं खोड अभ्यासक निरखतो. त्याला काहीतरी ओळखायचं आहे. पुण्याहून सुट्टीला आलेल्या नातीला आजी न्याहाळते. ओळख जुनी आहे, तरी डोळे भरत नाहीत.

तेलुगूभाषक मुलाची वहीतली ठरलेली चूक इथेच सापडते: ‘मी विहीर पाहिलो’. तेलुगूत क्रियापद भूतकाळातही करणाऱ्याच्या मागे जातं. मराठीत पाहणे, निरखणे यांना कर्म असतं, म्हणून भूतकाळात क्रियापद कर्माकडे वळतं: ‘मी विहीर पाहिली’, ‘त्याने दगड निरखले’. डोकावण्याला कर्म नाही, ‘विहिरीत’ ही नुसती जागा आहे. त्यामुळे ‘तो विहिरीत डोकावला’, ‘ती डोकावली’ इथे त्या मुलाची सवय बरोबर ठरते.