स्थळप्रतीवरचा एक आणि नऊ

चेक फाडून दिला की चेकबुकात एक चिंचोळी पट्टी उरते. ही स्थळप्रत. तिच्यावर सहा आकडी चेक नंबर छापलेला असतो आणि तारीख, नाव व रक्कम हाताने लिहिलेली असते. गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब लेखापरीक्षणासाठी लावताना अशा पट्ट्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो समोर येतात आणि त्यांवरून पेमेंट रजिस्टर भरायचं असतं. काम नकलेचं वाटतं, पण त्यात एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे: वाचताना झालेली चूक बहुतेक वेळा आपण कोण आहोत हे स्वतःच सांगते.

समजा, ००४२३१ नंबरच्या पट्टीवरून रजिस्टरमध्ये ९२,३०० रुपये चढले. बँकेच्या खातेउताऱ्यात मात्र याच नंबरचा चेक १२,३०० रुपयांना वटलेला दिसतो. फरक बरोबर ८०,०००. फरकात आठ आणि त्यापुढे नुसती शून्यं दिसली, की मला पहिला संशय मराठी एकाचा येतो. १ ला वर गोल डोकं आणि खाली शेपटी. घाईत लिहिला तर तो हुबेहूब इंग्रजी 9. दोन, तीन आणि शून्य दोन्ही लिप्यांत जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे रक्कम मराठीत लिहिली आहे याचा सुगावा उरलेले आकडे देत नाहीत. सुगावा त्याच पट्टीवर वर मिळतो. तिथे तारीख ‘93/2’ अशी वाचली जाते, आणि त्र्याण्णव दिवसांचा महिना नसतो. म्हणजे ती १३ फेब्रुवारी. त्या एका तारखेवरून या हाताचा एक कसा असतो हे कळलं, की अख्ख्या चेकबुकातले एक ओळखू येतात.

दुसरी खूण याहून देखणी. रजिस्टरमध्ये ६,८३० आणि उताऱ्यात ६,३८० असेल, तर फरक ४५०. त्याला नऊने नि:शेष भाग जातो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले की असं दरवेळी होतं, कारण आकडा एक घर डावीकडे सरकला की त्याची किंमत दसपट होते, म्हणजे मूळ किमतीच्या नऊपट वाढते; दुसरा आकडा तसाच नऊपटीच्या हिशेबाने उतरतो. एखादं शून्य जास्त पडलं तरी फरक नऊच्या पाढ्यातच येतो. जुने हिशेबनीस बेरीज जुळली नाही की आधी फरकाला नऊने भागून बघतात, ते यासाठीच. अर्थात नऊने भाग जाणं हा पुरावा नव्हे. सहज योगायोगानेही जाऊ शकतो. फोटो पुन्हा उघडून त्या जागी डोळे नेण्याएवढाच तो इशारा.

‘५,४००/-’ मधली तिरकी रेघ कधीकधी एकासारखी दिसते आणि ५४,००१ चढतात. इथे स्वल्पविराम धावून येतो. आपल्या पद्धतीत शेवटच्या स्वल्पविरामापुढे तीनच आकडे असतात. चार दिसले तर चौथा आकडा नसून रेघ आहे.

तारखेत बहुधा सालच लिहिलेलं नसतं. ‘२८/३’ एवढंच. पण १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिन्यांची झाली आहे. उताऱ्यात हा चेक २ एप्रिल २०२४ ला वटला असेल, तर पट्टीवरचा मार्च २०२४ चाच. वर्षभर जुना चेक बँकेने घेतलाच नसता. ‘रद्द’ लिहिलेली पट्टीही रजिस्टरमध्ये चढवायची, रकमेपुढे शून्य ठेवून. नाहीतर नंबरांच्या ओळीत पडलेली फट फोटो राहून गेल्यामुळे आहे की चेकच गहाळ झाल्यामुळे, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

या सगळ्या खुणा चालतात त्या उताऱ्याच्या जोरावर. जो चेक अजून वटायचा आहे, त्याची रक्कम फक्त पट्टीच सांगते. अशा नोंदीपुढे तसा शेरा हवा. आणि नावाचा प्रश्न वेगळाच. पट्टीवर ‘लिफ्टवाले’ एवढंच असतं, उताऱ्यात अनेकदा पूर्ण नाव येत नाही, आणि नावाला नऊने भागता येत नाही. म्हणून मी नावासाठी दोन रकाने ठेवते: एकात पट्टीवर आहे तसं, अक्षरन् अक्षर, दुसऱ्यात व्हाउचर किंवा बिलावरून मिळालेलं पूर्ण नाव. दुसरा रिकामा राहिला तर रिकामाच ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. पट्टी लिहिणाऱ्याने काय नोंदवलं ते सांगते. प्रत्यक्ष चेकवर कोणाचं नाव होतं ते नाही. तिथे शंका आली तर बँकेकडे वटलेल्या चेकची प्रतिमा मागायची. चेक ट्रंकेशन पद्धतीत कागदाऐवजी प्रतिमाच बँकेपर्यंत जाते, आणि तिच्यावर नाव असतं.