शब्द बदलले, वाक्य तेच राहिलं

‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ ही सूचना प्रथम वर्षाचा विद्यार्थी अगदी शब्दशः पाळतो. पुस्तक उघडं ठेवायचं, एकेक शब्द उचलायचा आणि त्याच्या जागी समानार्थी शब्द बसवायचा. भूगोलाच्या असाइनमेंटसाठी पुढचा परिच्छेद समोर आहे असं समजा. तो मीच या लेखापुरता पाठ्यपुस्तकी थाटात रचला आहे:

‘दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट खडकाच्या दीर्घकालीन अपक्षयातून निर्माण झालेल्या काळ्या मृदेत मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे प्रमाण अधिक असल्यामुळे ती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात, या भेगांत वरची माती घरंगळत गेल्याने मृदेची आपोआप उलथापालथ होते. शिवाय तिच्यात ओलावा दीर्घकाळ टिकत असल्याने सिंचनाविनाही रब्बी पिके घेता येतात.’

यावरून हमखास उतरतं ते असं: ‘दख्खन पठारावरील बेसॉल्ट पाषाणाच्या पुष्कळ काळच्या झिजेतून तयार झालेल्या काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचा अंश जास्त असल्याने ती पावसात पाणी पिऊन फुलते व…’

बरेच शब्द नवे आहेत, पण वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा. रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकन लेखन-अभ्यासक बाईंनी १९९० च्या दशकात याला ‘पॅचरायटिंग’ म्हटलं. अशा लिखाणाकडे सरसकट लबाडी म्हणून पाहू नये, विषय अजून न पचलेला विद्यार्थी बऱ्याचदा असंच लिहितो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पटण्यासारखं आहे. वरच्याच उताऱ्यात पाहा, ‘अपक्षया’ची ‘झीज’ झाली. अपक्षयात खडक जागच्या जागी फुटतो, कुजतो. झीज म्हटलं की वाऱ्या-पाण्याने कण वाहून नेणंही डोळ्यांसमोर येतं. म्हणजे पारिभाषिक शब्द, जो तसाच ठेवायला हवा होता, तो बदलला. आणि रचना, जी बदलायला हवी होती, ती राहिली.

मराठी पाठ्यपुस्तकी वाक्याची ही रचना ‘-लेल्या’, ‘-मुळे’, ‘-ने’, ‘-ऊन’ या प्रत्ययांवर तोललेली असते. पेन्सिलीने त्यांच्याखाली रेघ मारा. बहुतेक रेघांपाशी एक स्वतंत्र विधान दडलेलं सापडेल. ती विधानं तोडक्यामोडक्या भाषेत वहीत सुटी लिहा: खडक बेसॉल्ट. अपक्षय, खूप काळ. खनिज जास्त. ओली की फुगते, वाळली की आकसते. भेगा. वरची माती आत. उलथापालथ. ओलावा टिकतो. रब्बी.

आता कशामुळे काय होतं त्याचे बाण काढा. इथे एक मेख आहे. घाईत वाचणारा उलथापालथीपासून ओलाव्याकडे बाण काढून मोकळा होतो. मूळ परिच्छेद तसं म्हणत नाही. ‘शिवाय’ हा शब्द त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. बाण चुकला तर भाषा कितीही स्वतःची असो, परिच्छेद चुकीचाच.

मग पुस्तक मिटायचं आणि सुरुवात कुठून करायची हे आपल्या प्रश्नावरून ठरवायचं. असाइनमेंट कोरडवाहू शेतीवर असेल, तर मूळ लेखकाने जिथे शेवट केला तिथून आपण निघू शकतो:

‘काळ्या जमिनीत ओल बराच काळ राहते, म्हणून पाणी न देताही रब्बीचं पीक काढता येतं. ही माती बेसॉल्टच्या अपक्षयातून फार सावकाश तयार झाली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट भरपूर असतं आणि त्यामुळे ती ओली झाली की फुगते. त्याचमुळे उन्हाळ्यात ती आकसून खोलवर तडकते. वरचा थर त्या फटींत पडत राहतो आणि माती आपली आपणच वरखाली होते.’

सुरुवात वेगळी, वाक्यांची लांबी वेगळी, बाण तेच. आता पुस्तक पुन्हा उघडा आणि शब्दांऐवजी विधानं ताडून पाहा. ‘दख्खनच्या पठारावरील’ गळालं आहे. मूळ लेखक एका प्रदेशाबद्दल बोलत होता, आपण सगळ्याच काळ्या मातीबद्दल बोलून बसलो. पहिल्या वाक्यात ‘दख्खनच्या पठारावरच्या’ घातलं की ते सावरतं. ‘सिंचनाविनाही’मधला ‘ही’ आपल्याकडे ‘न देताही’मध्ये शिल्लक आहे, हे बरं झालं. तो सुटला असता तर या जमिनीला पाण्याची गरजच नसते, असा भलताच अर्थ निघू शकला असता.

सगळं जुळलं तरी शेवटी कंसात लेखकाचं नाव आणि वर्ष द्यायचंच. शब्द आपले असले तरी माहिती त्याची आहे. याच नियमाची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. सोलापूरकडची एखादी विद्यार्थिनी ओघात ‘जसं आमच्याकडे रब्बी ज्वारी’ असं लिहून जाईल. उदाहरण चोख आहे, पण ते मूळ परिच्छेदात नाही. म्हणून ते संदर्भाच्या कंसानंतर, वेगळ्या वाक्यात यायला हवं.